आईचा फोन, आपलं ‘नाही’ आणि मागून येणारा अपराधीपणा

जवळच्या माणसाला पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं की समोरचं माणूस नाराज होतं आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. समोरच्याची नाराजी बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरते. पोटातला खड्डा मात्र राहतो, आणि घातलेली मर्यादा त्याच्यापायीच मोडते. ‘ती ऐकतच नाही’ असं आपण म्हणतो खरं, पण रात्री साडेदहाला स्वतःहून फोन लावून “अगं, जाऊ दे, तू कधीही फोन कर” असं म्हटलेलं असतं ते आपणच. म्हणून या लेखात मर्यादा कशी घालायची याइतकंच, ती घातल्यावर येणाऱ्या अपराधीपणाचं काय करायचं यावर लिहिलं आहे.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. ते कुणा एकीचं नाही, अनेक घरांत दिसणारं चित्र एकत्र केलं आहे. अडतीस वर्षांची बाई, ठाण्यात राहते, बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करते. घरी नवरा आणि सातवीतला मुलगा. आई सहासष्ट वर्षांची, साताऱ्यात एकटी. वडील जाऊन तीन वर्षं झाली. आईला रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येतीची तक्रार नाही. धाकटा भाऊ पुण्यात असतो आणि रविवारी फोन करतो. आई मुलीला मात्र दिवसातून सहा-सात वेळा फोन करते. गॅस संपत आलाय, वरच्यांनी पुन्हा पाणी सांडलं, जेवलीस का, आवाज असा का येतोय. समोर ग्राहकांची रांग असते. तीन वेळा फोन कट केला की चौथ्यांदा उचलावाच लागतो. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिच्या मनात आईबद्दल चीड असते, आणि त्या चिडीबद्दल लाजही.

मर्यादा म्हणजे नेमकं काय

अर्जेंटिनात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुशिन यांनी 1974 मध्ये कुटुंबांच्या रचनेबद्दल जे मांडलं, ते आपल्याकडच्या घरांना आजही लागू पडतं. त्यांच्या मते कुटुंबं एका पट्टीवर कुठेतरी बसतात. पट्टीच्या एका टोकाला माणसं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की एकाला खट्ट झालं की सगळं घर हलतं. दुसऱ्या टोकाला ती इतकी सुटी असतात की कुणाला काही झालं तरी दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. त्यांचं उदाहरण साधं आहे. गुंतलेल्या घरात मुलाने जेवणानंतरचं गोड खाल्लं नाही तरी आईवडील अस्वस्थ होतात. सुट्या घरात मुलाला शाळेचा तिटकारा आला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. या दोन टोकांच्या मधल्या स्थितीला ते स्पष्ट मर्यादा म्हणतात. तिथे जिव्हाळा असतो, आणि कुणाची काळजी कुणी वाहायची हेही ठरलेलं असतं.

यातून एक गैरसमज दूर होतो. मर्यादा म्हणजे संबंध तोडणं नव्हे, संबंध तोडणं हे त्या पट्टीचं दुसरं टोक झालं. कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांचं म्हणणं असं होतं की घरच्यांपासून तावातावाने दूर गेलेलं माणूस मनाने बहुधा तिथेच अडकलेलं असतं. त्याने फक्त अंतर वाढवलेलं असतं.

पहिली पायरी: एक आठवडा फक्त नोंद

लगेच काही बोलू नका. सात दिवस वहीत तीन गोष्टी लिहा: फोन किती वाजता आला, कशासाठी आला, आणि उचलल्यावर किंवा न उचलल्यावर तुम्हाला काय वाटलं.

आपल्या उदाहरणातल्या बाईने ही नोंद केली, तर तीन गोष्टी दिसतील असं धरू. आठवड्याच्या चाळीसेक फोनांपैकी त्याच दिवशी उत्तर हवं असे दोन-तीनच होते. बरेचसे फोन दुपारी दोन ते पाचमध्ये आले, म्हणजे जेवण आवरून घर एकदम शांत होतं त्या वेळात. तिसरी गोष्ट तिला स्वतःबद्दल कळली. ती पहिले तीन फोन कट करून चौथा उचलत होती. कधी फळ मिळतं, कधी मिळत नाही, अशी वागणूक सर्वांत चिवट होते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून फार पूर्वी दिसून आलं आहे. ‘तीन फोन कट झाले तर चौथा कर’ हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. मुलीच्या वागण्यातून ते आपोआप शिकवलं गेलं होतं. यात दोष कुणाचाच नाही, पण कुठे बदल केला तर फरक पडेल ते इथे कळतं.

नोंद करताना चिडीकडे नीट बघा. ज्या फोनांनंतर चीड आली, तिथे तुम्ही मनात नसताना ‘हो’ म्हटलेलं असतं. ज्या फोनांचं काही वाटलं नाही, त्यांना हात लावायची गरज नाही. सगळंच एकदम बदलायला निघालेली माणसं आठवड्यात थकतात.

दुसरी पायरी: वाक्य आपल्या हातातलं असू द्या

“आई, तू ऑफिसच्या वेळेत फोन करू नकोस.” ही विनंती आहे. ती पाळायची की नाही हे आईच्या हातात. “दहा ते सहा मी फोन घेणार नाही, रात्री सव्वाआठला मीच फोन करीन.” ही मर्यादा आहे, कारण आईने दिवसभरात वीस फोन केले तरी ती पाळता येते. वाक्य तयार झालं की स्वतःला एवढंच विचारा: समोरचं माणूस तसूभरही बदललं नाही, तरी मला हे पाळता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते वाक्य पुन्हा बांधा.

हीच कसोटी उलटही लावा. “तू तुझ्या बहिणीशी बोललास तर मी तुझ्याशी बोलणार नाही” असं बायकोने नवऱ्याला म्हटलं, तर ती मर्यादा नाही, दुसऱ्याच्या वागण्यावरचा ताबा आहे. हल्ली ‘माझी बाउंडरी आहे’ म्हणत असे हुकूम सोडले जातात. त्यांनी दुखावलेल्या माणसाचं दुखणं रास्त असतं.

तिसरी पायरी: खऱ्या गरजेची सोय आधी करा

आईला फोन का करावासा वाटतो? एकटेपणा आणि भीती. रात्री-अपरात्री काही झालं तर मुलगी उचलेल ना, याची खात्री ती दिवसभर करून घेत असते. ही खात्री दुसऱ्या वाटेने दिली नाही, तर मर्यादा तिला टाकून दिल्यासारखी वाटेल, आणि त्या वाटण्यात तथ्यही असेल.

म्हणून बोलण्याआधी तीन गोष्टी ठरवून ठेवा. अडचणीची खूण: लागोपाठ दोनदा फोन आला तर मुलगी काउंटरवरून उठून उचलणार. हाताशी माणूस: शेजारच्या काकूंकडे शाखेचा नंबर देऊन ठेवायचा आणि भावाशी बोलून दुपारचा एक फोन त्याने करायचा. भावाला हे सांगताना आवाजात तक्रार नको. “मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन वाजता, दहा मिनिटं” असं नेमकं काम द्या. ‘तूही जरा आईकडे बघ’ असं मोघम सांगितलेलं काम होत नाही. तिसरी गोष्ट सव्वाआठचा फोन. तो चुकवायचा नाही. निम्मी मर्यादा या फोनवर उभी असते, कारण आठ वाजून वीस मिनिटांनीही फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आई फोन करणारच, आणि तिचं काही चुकणार नाही.

लागोपाठ दोन फोनांच्या खुणेचा गैरवापर होईल अशी शंका येते. सुरुवातीला होतोही. तेव्हा उचलून आधी विचारायचं, “आई, बरी आहेस ना?” बरी असेल तर “मग रात्री बोलू” म्हणून वीस सेकंदांत ठेवायचं. विषय कितीही गोड असला तरी तिथे गप्पा सुरू करायच्या नाहीत.

चौथी पायरी: सांगायची वेळ आणि शब्द

हे फोनवर, भांडणाच्या भरात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू नका. साताऱ्याला गेलात की सकाळचा चहा होताना सांगा, आणि निघायच्या दिवशी नको, म्हणजे आईला रुसायला आणि पुन्हा बोलायला वेळ मिळतो. बोलणं साधारण असं होऊ शकतं:

“आई, ऑफिसात तुझा फोन आला की मी नीट बोलत नाही, तुझ्यावर वसकन येते. मला ते आवडत नाही.”

“मग नाही करत मी फोन. राहिलं.”

“फोन बंद नाही करायचे. सोमवारपासून दहा ते सहा मी फोन घेणार नाही. रात्री सव्वाआठला मी करीन, निवांत बोलू. काही अडचण असली तर लागोपाठ दोनदा कर, मी उठून घेईन.”

“तुमचं काय बाई, तुम्हाला आता वेळच नाही. हे होते तेव्हा असं नव्हतं.”

“बाबांची आठवण येते दुपारची?”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आई बोलते आहे ती फोनच्या वेळेबद्दल नाहीच, त्यामुळे मुलीने तिथे स्वतःचा बचाव केला तर दोघींची चुकामूक होईल. दुःखाला उत्तर द्यायचं, आणि ठरलेली वेळ मात्र तशीच ठेवायची. या दोन गोष्टी एकत्र करता येतात, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

कारणांची यादी देऊ नका. मॅनेजर रागावतो, कॅमेरे आहेत, टार्गेट आहे, असं एकेक सांगत गेलं की प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. “मग जेवणाच्या सुट्टीत तरी उचल.” एक खरं कारण पुरे, आणि ते संबंधाबद्दलचं असावं, जसं इथे ‘मी वसकन येते’ हे आहे.

पाचवी पायरी: पहिले दोन-तीन आठवडे

आता फोन वाढतील. नेहमी मिळणारं फळ अचानक बंद झालं की वागणं कमी होण्याआधी बऱ्याचदा काही काळ उसळी मारतं, हे वर्तनशास्त्रात चांगलं माहीत असलेलं आहे. सहाचे दहा होतील, मग भावाला जातील, मग काकूंना. ही उसळी म्हणजे उपाय फसल्याची खूण नाही. उपाय फसतो तो सातव्या दिवशी, दहावा फोन उचलला की. मग आईच्या मनात नवा आकडा बसतो: दहा.

घरच्यांकडून येणाऱ्या प्रतिक्रियांचा क्रमही बोवेन यांनी सांगून ठेवला आहे. आधी ‘तू चुकतेस’, मग ‘पूर्वीसारखी हो’, आणि तरीही बदलली नाहीस तर ‘बघ काय होईल ते’. आपल्याकडे यांचे आवाज ओळखीचे आहेत. मावशीचा फोन येतो, “अगं, तिला दुसरं आहे कोण?” आई म्हणते, “पूर्वी कशी गं होतीस.” आणि शेवटी, “राहू दे, मी मेल्यावर कळेल.” क्रम आधीच माहीत असला की तिसरं वाक्य ऐकून माणूस कोसळत नाही. या प्रत्येकाला तोच शांत प्रतिसाद: “तुला वाईट वाटतंय ते कळतंय मला. रात्री बोलू.” शब्द बदलायची गरज नाही. मावशीला वेगळी बाजू मांडत बसू नका, तिच्यामार्फत आईशी बोलणंही नको.

अपराधीपणा येतो कुठून

आता मुख्य गोष्ट. अपराधीपणा हा काही मनाचा बिघाड नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मांडलं की ही भावना मुळात नाती टिकवण्याचं काम करते. आपल्यामुळे जवळचं माणूस दुखावलं असं वाटलं की ती जागी होते आणि आपल्याला दुरुस्तीकडे ढकलते. म्हणूनच ती परक्यांपेक्षा जवळच्यांच्या बाबतीत तीव्र असते. दारावरच्या विक्रेत्याला ‘नको’ म्हणताना पोटात खड्डा पडत नाही, आईला म्हणताना पडतो. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: ज्याच्या हातात दुसरं बळ नसतं, तो समोरच्याला अपराधी वाटायला लावून आपलं म्हणणं पुढे नेऊ शकतो. एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईकडे दुसरं कुठलं बळ आहे? ती कपटी असते असं नाही, आयुष्यभर तेवढंच साधन तिच्या हाताशी होतं.

म्हणजे ही भावना ‘जवळचं माणूस दुखावलं’ एवढंच सांगते. ‘तू चुकीचं केलंस’ हे ती सांगू शकत नाही. स्वयंपाकघरातली फोडणी आणि खरी आग यांत धुराच्या गजराला फरक कळत नाही, तसंच हे.

मानसशास्त्रज्ञ लिन ओ’कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपराधीपणाचे वेगवेगळे प्रकार मोजायची प्रश्नावली 1997 च्या सुमारास तयार केली. त्यांतले तीन इथे कामाचे आहेत. आपण वेगळं जगलो, वेगळं ठरवलं तर जवळच्यांना इजा होईल ही समजूत हा एक. आपण सुखात आहोत आणि ते नाहीत याचं ओझं हा दुसरा. त्यांच्या सुखदुःखाला आपणच जबाबदार आहोत ही भावना हा तिसरा. थोरल्या मुलींत हा तिसरा मला फार दिसतो. आईचं मन सांभाळायचं काम ज्या घरात आठ-नऊ वर्षांच्या मुलीकडे आलेलं असतं, त्या मुलीला चाळिशीत फोन कट करताना गुन्हा केल्यासारखं वाटतं, कारण लहानपणी आईचं रडणं थांबवणं हेच तिच्या सुरक्षिततेचं साधन होतं.

यात आपल्या समाजाचाही वाटा आहे, पण तो दोष म्हणून बघू नये. भारत आणि जपानमधल्या लोकांवर काम केलेले मनोविश्लेषक अ‍ॅलन रोलंड यांनी 1988 मध्ये ‘कुटुंबात रुजलेला स्व’ ही कल्पना मांडली. अशा स्व असलेल्या माणसाच्या ‘मी’मध्ये घरचे आधीपासूनच असतात. तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञ चिदम कागितचिबाशी यांनी पुढे दाखवलं की स्वतःचा निर्णय घेणं आणि जवळ असणं या एकमेकींविरुद्धच्या गोष्टी नाहीत, दोन्ही एका माणसात नांदू शकतात. म्हणून ‘तुझं तू बघ, बाकीच्यांचं सोड’ हा सल्ला आपल्याकडे लागू पडत नाही. माणूस तो पाळतो आणि आतून तुटतो.

सहावी पायरी: अपराधीपणा आला की

रात्री अंथरुणावर ‘मी किती वाईट मुलगी’ हे सुरू झालं की उठून कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

मी नेमकं काय केलं? एका वाक्यात, विशेषणांशिवाय. “दुपारी तीनचा फोन घेतला नाही, सव्वाआठला पंचवीस मिनिटं बोलले.” ‘आईला झिडकारलं’ असं लिहून झालं असेल तर खोडा.

यात आईचं काय नुकसान झालं? ‘वाईट वाटलं’ हे नुकसान नाही. गोळी चुकली, पडली, पैशांवाचून अडलं, एकटीला दवाखान्यात जावं लागलं, हे नुकसान आहे.

माझ्या मैत्रिणीने तिच्या आईशी हेच केलं असतं, तर मी तिला काय म्हटलं असतं?

नुकसान सापडलं, तर अपराधीपणा खरा आहे आणि त्याचं ऐकायचं. सव्वाआठचा फोन चुकला असेल तर माफी मागायची. आवाज चढला असेल तर त्याचीही मागायची: “काल मी ओरडले, ते चुकलं.” पण माफी ओरडण्याची मागायची, वेळेची नव्हे. इथे बरेच जण घसरतात. पद्धत चुकली म्हणून मर्यादाच मागे घेतात.

नुकसान सापडलं नाही, तर ही भावना घेऊन तसंच बसायचं. काहीही दुरुस्त करायचं नाही, रात्री फोन करायचा नाही, भेटवस्तू मागवायची नाही. ठरलेल्या व्यवस्थेत कोणताही बदल एक दिवस थांबल्याशिवाय करायचा नाही, हा नियम आधीच स्वतःला घालून ठेवा. भावना चढते आणि उतरते. उतरण्याआधी शरण गेलो की मन शिकतं: शरण गेल्यानेच सुटका झाली. मग पुढच्या वेळी ती आणखी जोरात येते. न शरण जाता उतरू दिली, आणि आई सकाळी जिवंत, थोडी रुसलेली आणि चहा पीत असलेली सापडली, की गजराचा आवाज थोडा कमी होतो. हे दोन-तीनदा करून भागत नाही. बरेच आठवडे जातात.

अपराधीपणा आणि लाज यांत मात्र फरक करा. ‘मी हे चुकीचं केलं’ हा अपराधीपणा, त्याचं काहीतरी करता येतं. ‘मी माणूसच वाईट’ ही लाज, तिच्यावर करण्यासारखं काही नसतं आणि माणूस लपून बसतो. महिनोन्‌महिने दुसरंच वाक्य घोळत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर समुपदेशकाकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे कुठे लागू होत नाही

आईला विसरभोळेपणाचा आजार सुरू झाला असेल, तर दिवसाला वीस फोन हे त्या आजाराचं लक्षण असू शकतं. तिथे मर्यादा शिकवता येत नाही, सोबतीला माणूस ठेवावं लागतं. एकच गोष्ट तासाभरात तिसऱ्यांदा विचारली जात असेल, तर आधी डॉक्टर. आणि जिथे मारहाण, धमकी किंवा पैशांची कोंडी आहे, तिथे शांतपणे वाक्य सांगण्याने धोका वाढू शकतो. तिथे आधी सुरक्षित जागा आणि मदत हवी. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे नंबर आहेत.

महिन्याभराने

आईसोबत बसून व्यवस्था पुन्हा बघा, आणि बदल तेव्हाच करा, भांडणात नको. समजा आई म्हणाली, “रात्री सव्वाआठला मला झोप येते गं, आणि दुपार खायला उठते.” मग फोन साडेसहाला, स्टेशनवरून घरी चालत येताना करता येईल, आणि भावाचा दुपारचा फोन दोनऐवजी तीन दिवस होईल. ही माघार नव्हे, कारण दहा ते सहा तसंच राहिलं आहे. आईला रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली, तर पहिले पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत एक फोन वाढवा, आणि वाढवतानाच तो कोणत्या तारखेपर्यंत असेल हेही सांगा.